लग्नाच्या वाढदिवसाचा मेसेज: जोडीदारासाठी, दोन ओळींचा आणि छापील न वाटणारा

हा मेसेज बहुतेकांचा एकाच जागी बिघडतो. सकाळी तारीख आठवते, फोन हातात घेतला जातो आणि पहिला शब्द टाइप होतो, ‘लग्नाच्या’. पुढचे तीन शब्द कीबोर्ड स्वतःच सुचवतो. एवढं झालं की वाक्य हातातून गेलंच. मग त्यात कितीही विशेषणं घाला, ते हॉलबाहेर लावलेल्या फ्लेक्ससारखंच वाचलं जातं.

चूक शब्दांची कमी आणि क्रमाची जास्त असते. आधी लिहायला बसायचं आणि मग काय लिहू म्हणून आठवायचं, असा उलटा कारभार होतो. खाली दिलेला क्रम आहे तो असा: माल गोळा करा, त्यातलं एक निवडा, बोलल्यासारखं लिहा, मग कापा. प्रत्यक्ष लिहिण्याला पाच मिनिटं लागतात. आधीचा भाग मात्र दोन-चार दिवस डोक्यात चालू राहायला हवा, म्हणून वाढदिवस शनिवारी असेल तर मंगळवारी सुरुवात करा.

## १. कागदोपत्री तयारी: आकडा, हाक आणि जागा

आकडा. लग्न मे २०१४ मध्ये झालं असेल तर मे २०२५ मध्ये ११ वर्षं पूर्ण होतात आणि बारावं लागतं. ‘अकरा वर्षं झाली’ म्हणायचं की ‘बारावं लागलं’, हे आधी ठरवा. या दोन्हींची सरमिसळ ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, आणि नेमकी तीच जोडीदाराच्या पहिल्यांदा लक्षात येते. घरात तिथीने वाढदिवस करत असाल तर या वर्षी ती तिथी कोणत्या तारखेला येते, ते कॅलेंडरवर पाहून ठेवा. दरवर्षीची तारीख वेगळी असते.

सावधान: दहा, बारा आणि तेरा वर्षं झालेल्यांनी क्रमवाचक रूप जपून वापरावं. ‘आज आपला दहावा’ किंवा ‘आपला तेरावा’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला दिवसकार्य आठवतं. बोलताना आवाजावरून अर्थ कळतो, मेसेजमध्ये कळत नाही. तिथे सरळ ‘तेरा वर्षं झाली’ लिहावं.

हाक. घरात ज्या नावाने हाक मारता तीच मेसेजमध्ये घ्या. नवऱ्याला रोज ‘अहो’ म्हणणाऱ्या बाईने त्या दिवशी अचानक ‘प्रिय’ लिहिलं, तर तिचा फोन दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे की काय असं वाटतं. ‘अगं’, ‘ए’, ‘चिनूचे बाबा’, आडनावाने मारलेली हाक, यातलं जे रोजचं आहे ते चालेल. रोज हाकच मारत नसाल, थेट बोलायला सुरुवात करत असाल, तर मेसेजमध्येही हाक नको. घरात मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलत असाल तर मेसेजही त्यातच लिहा. पुस्तकी मराठीत गेलात की तुमचा आवाज गेला.

जागा. किती लांब लिहायचं याचं एक चांगलं माप साध्या एसएमएसने दिलेलं आहे. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षरांत लिहिलं तर त्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागतात, म्हणून ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातलं हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं मोजली जातात. ‘च्या’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पण ते च, हलन्त, य आणि काना अशा चार जागा घेतं. मेसेज ७०च्या पुढे गेला की त्याचे तुकडे होतात आणि तुकडे जोडायची माहितीही त्यातच भरावी लागते, म्हणून मग प्रत्येक तुकड्यात ६७च चिन्हं मावतात.

आता हे माप ‘लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ या चार शब्दांना लावून पाहा. मधल्या मोकळ्या जागांसह ते ३९ चिन्हं खातात. अर्ध्याहून जास्त एसएमएस संपला आणि अजून काहीच सांगून झालेलं नाही.

व्हॉट्सअॅपवर ही मर्यादा नसते, तरी माप तेच ठेवावं. दोन एसएमएस म्हणजे १३४ चिन्हं, ढोबळमानाने २० ते २५ शब्द. एवढा मजकूर फोन न उघडता, वरच्या पट्टीतच बराचसा वाचून होतो. त्यापुढे लिहावंसं वाटत असेल तर ते पत्र आहे. पत्र जरूर लिहावं, फक्त कागदावर.

## २. माल गोळा करा

कागद घ्या. फोनवरच्या नोट्स चालतील, पण मेसेजची खिडकी उघडू नका. खालच्या प्रश्नांची उत्तरं दोन-तीन दिवसांत, आठवतील तशी, एकेका ओळीत लिहीत जा.

- गेल्या वर्षभरात त्याने किंवा तिने सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य कोणतं?
- घरातली अशी कोणती सवय आहे, जी पाहुण्याला विचित्र वाटेल?
- दोघं कशावर हसलात, जे तिसऱ्याला समजावून सांगितलं तर त्याला हसू येणार नाही?
- तुमचा विरोध असताना तिने किंवा त्याने घेतलेला आणि बरोबर निघालेला निर्णय कोणता?

आठवत नसेल तर फोनमध्ये शोधा. दोघांच्या चॅटमध्ये ‘पोहोचलीस का’, ‘येताना’, ‘विसरू नकोस’ असे शब्द टाकले की वर्षभराचा संसार पुढ्यात येतो. फोटो चाळणार असाल तर पोज दिलेले सोडून द्या आणि चुकून निघालेले, हललेले पाहा. कुणी कशासाठी फोटो काढला होता हे आठवलं की एक ओळ मिळते.

किमान सात-आठ ओळी होऊ द्या. पहिल्या दोन-तीन ओळी हमखास सगळ्यांना सुचतील अशाच येतात.

उदाहरणासाठी एक जोडपं घेऊ आणि शेवटपर्यंत त्यांच्याबरोबरच जाऊ. नवरा चाकणच्या कारखान्यात आहे, दुसऱ्या पाळीला असला की घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेबारा होतात. बायको पतसंस्थेत आहे, सकाळी लवकर निघते म्हणून त्या वेळी झोपलेली असते. लग्न मे २०१४चं. नवऱ्याच्या कागदावर या सात ओळी आल्या:

1. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रजा टाकून थांबली.
2. माझा डबा एकदाही चुकला नाही.
3. मी नको म्हणत असताना मुलाला पोहायला घातलं, आता तो पाण्यातून निघत नाही.
4. रात्री दार वाजलं की झोपेतच विचारते, ‘पाऊस होता का?’ मे महिन्यातसुद्धा.
5. गृहकर्जाच्या हप्त्याची तारीख तीच लक्षात ठेवते.
6. मीटरवरून रिक्षावाल्याशी भांडते आणि उतरताना सुट्टे पैसे त्यालाच सोडते.
7. रागावली की मला ‘साहेब’ म्हणते.

तपासा: प्रत्येक ओळीत कुणीतरी काहीतरी करतंय किंवा बोलतंय का? ‘खूप समजूतदार आहे’ ही ओळ मालात धरू नका, तो निष्कर्ष आहे. ज्या प्रसंगावरून तो काढलात तो प्रसंग लिहा.

## ३. एकच ओळ निवडा

इथे घाई केली तर पुढची काटछाट कितीही चांगली जमली तरी मेसेज फिका पडतो. निवडीला दोन कसोट्या पुरतात.

पहिली कसोटी शेजाऱ्याची. समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाला हीच ओळ, एकही शब्द न बदलता, स्वतःच्या बायकोला पाठवता येईल का? येत असेल तर ती बाद. यादीतली दुसरी ओळ इथेच पडते, कारण डबा अर्ध्या इमारतीत चुकत नाही. पाचवीचंही तेच. शिवाय या दोन्ही ओळींत दुसरी खोट आहे. डबा, हप्ता, मुलांचा अभ्यास, सासूची औषधं अशी कामांची यादी करून आभार मानले, की निरोप समारंभातलं भाषण तयार होतं. वाचणाऱ्या बाईला कौतुकाच्या ऐवजी आपली ड्यूटी वाचल्यासारखं वाटू शकतं. नवऱ्याला ‘घरासाठी किती राबता’ लिहिणाऱ्यांचंही असंच होतं.

दुसरी कसोटी वजनाची. ही गोष्ट २० शब्दांत मावेल एवढी लहान आहे का? पहिली ओळ मोठी आहे. आईच्या ऑपरेशनला ती थांबली, हे समोर बसून, वेळ घेऊन सांगायचं असतं. ते मेसेजमध्ये कोंबलं की ‘तू माझ्या कुटुंबासाठी जे केलंस ते मी कधीच विसरणार नाही’ असा सत्काराचा सूर आपोआप लागतो.

तिसरी ओळ चांगली आहे आणि तिच्यात ‘माझं चुकलं होतं’ हेही न सांगता येतं. ती पुढच्या वर्षासाठी ठेवावी. सहावीत माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, पण सांगायला जागा फार लागते. सातवी गोड असली तरी तिच्यात राग आहे, आणि त्या दिवशी सकाळी खरोखरच ‘साहेब’ ऐकायला मिळालेलं असेल तर ती अंगावर येईल.

राहिली चौथी. दुसऱ्या कुणाच्या घरात ती नसणार. ती लहान आहे, तिच्यात त्या बाईचा आवाज आहे, आणि झोपेतही तिचं लक्ष दाराकडे आहे हे न सांगता कळतं. ही घ्या.

सावधान: दोन ओळी आवडल्या म्हणून दोन्ही घालू नका. एक गोष्ट आठवण असते, दोन झाल्या की यादी होते आणि वाचणारा तिसरी शोधू लागतो.

## ४. पहिला खर्डा तोंडाने

निवडलेली ओळ जोडीदार समोर असल्यासारखी मोठ्याने बोला आणि जशी बोललात तशीच उतरवा. बोलताना कुणी ‘तू विचारले’ म्हणत नाही, ‘विचारलंस’ म्हणतो. ‘केलं’, ‘झाली वर्षं’, ‘म्हणतेस’ अशीच रूपं ठेवा. ‘माझ्या जीवनात तुझे स्थान’ बोलायचा प्रयत्न करून पाहा, जीभच वळत नाही. जे तोंडाने म्हणता येत नाही ते टाइप करू नये.

बोलून टाइप करण्याची सोय वापरणार असाल तर आधी भाषा मराठी आहे ना ते बघा. ती हिंदीवर राहिलेली असेल तर वाक्यात ‘है’ आणि ‘का’चे घोळ घुसतात.

आपल्या जोडप्यातल्या नवऱ्याने मात्र, सगळे करतात तसं, पहिला खर्डा तोंडाने न बोलता हाताने लिहिला:

> प्रिय पत्नीस लग्नाच्या अकराव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. तू प्रत्येक सुखदुःखात माझ्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिलीस. मी रात्री कितीही उशिरा कामावरून आलो तरी तू झोपेतसुद्धा माझी काळजी करतेस आणि मला विचारतेस की पाऊस होता का, अगदी मे महिन्यातसुद्धा, यावरून तुझं माझ्यावर किती प्रेम आहे हे कळतं. अशीच साथ देत राहा.

चांगली गोष्ट यात आहे. ती तिसऱ्या वाक्याच्या मध्ये, गर्दीत दबून बसली आहे.

## ५. काटछाट, चार फेऱ्यांत

एका बैठकीत सगळं कापू नका. प्रत्येक फेरीत एकाच प्रकारची वस्तू काढा.

पहिली फेरी: छापील माल. ‘हार्दिक शुभेच्छा’ आधी जाते. शुभेच्छा बाहेरचा माणूस देतो. वाढदिवस दोघांचा आहे, त्यातल्या एकाने दुसऱ्याला शुभेच्छा देणं म्हणजे स्वतःच्याच घरी अहेर घेऊन जाणं. ‘वर्धापनदिन’ लिहिला असेल तर तोही काढा, तो संस्थांचा असतो. ‘पाठीशी खंबीरपणे’ हे सभेतलं आहे. ‘सुखदुःखात’, ‘साथ’, ‘जन्मोजन्मी’, ‘रेशीमगाठ’, ‘तू नसतीस तर’ हे शब्द वाईट नाहीत. पण ते इतक्या पत्रिकांवर आणि फॉरवर्डमध्ये येऊन गेलेत की नजर त्यांच्यावरून घसरून पुढे जाते. ‘जगातली सर्वात’ने सुरू होणारं काहीही याच ढिगात टाका. ‘जन्मठेप’ आणि ‘स्वातंत्र्य गेल्याचा दिवस’ छापाचे विनोदही तिथेच, तेही तितकेच जुने आहेत आणि वर बोचतात.

दुसरी फेरी: अर्थ सांगणारी वाक्यं. ‘यावरून तुझं माझ्यावर किती प्रेम आहे हे कळतं’ हे वाक्य जातं. ‘झोपेतसुद्धा माझी काळजी करतेस’ हेही जातं. गोष्ट सांगून झाल्यावर तिचं तात्पर्य सांगितलं की गोष्टच हलकी होते. इथे हात सगळ्यात जास्त अडखळतो, कारण ते वाक्य काढलं तर तिला कळेल का, अशी शंका येते. कळतं. तीच तर विचारते रोज रात्री.

तिसरी फेरी: दोघांनाही माहीत असलेलं. ‘मी रात्री कितीही उशिरा कामावरून आलो’ हे तिला सांगायची गरज नाही. तो कुठून येतो, किती वाजता येतो, दार कोण वाजवतं, हे सगळं तिच्याच घरातलं आहे. तिसऱ्या माणसासाठी दिलेली माहिती कापली, की मेसेज एकदम दोघांपुरता होतो. लोक या फेरीला विसरतात, आणि लांबी सगळ्यात जास्त कमी होते ती इथेच.

चौथी फेरी: ‘पण’ आणि ‘तरी’. ‘भांडतेस पण जीव लावतेस’ या वाक्यात वाचणाऱ्याला ‘भांडतेस’ ऐकू येतं. कौतुकाच्या अलीकडे-पलीकडे कुठेही ‘पण’, ‘जरी’, ‘तरी’ दिसले की वाक्याचा तो अर्धा भाग काढून टाका.

उरलं ते असं:

> अकरा वर्षं झाली. भर मे महिन्यातही झोपेतून विचारतेस, ‘पाऊस होता का?’

तपासा: आता हे अनोळखी माणसाला वाचून दाखवलं तर त्याला अर्धवट कळायला हवं. त्याला पूर्ण कळत असेल तर अजून माहिती जास्त आहे. काहीच कळत नसेल तरी चालतं, तिला कळलं म्हणजे झालं.

## ६. शेवटचे दोन शब्द

शेवट जमेना की लोक पुन्हा ‘अशीच साथ दे’कडे पळतात. त्याऐवजी वर जे क्रियापद आलं आहे तेच परत घ्या, किंवा आजच्या संध्याकाळचं काहीतरी ठरवून टाका, किंवा काहीच लिहू नका. तिन्ही चालतं. आपल्या उदाहरणात क्रियापद ‘विचारतेस’ आहे, म्हणून:

> अकरा वर्षं झाली. भर मे महिन्यातही झोपेतून विचारतेस, ‘पाऊस होता का?’ विचारत राहा.

१३ शब्द, ८० चिन्हं. ‘विचारत राहा’मध्ये ‘अशीच राहा’ आहे, ‘मी रोज येईन’ही आहे, आणि यातलं एकही सांगितलेलं नाही.

‘लव्ह यू’ घालायचं का? रोज म्हणत असाल तर घाला, ते तुमचंच आहे. वर्षातून एकदाच म्हणत असाल तर ते फोनवर टाइप करण्याऐवजी त्या संध्याकाळी तोंडाने म्हणा.

इमोजीबद्दल एवढंच की बहुतेक इमोजी दोन जागा खातात. एसएमएस रोमन अक्षरांत लिहीत असाल, तर एका इमोजीने अख्ख्या मेसेजची मर्यादा १६० वरून ७० वर येते. हृदय एक पुरे. फुलांच्या गुच्छांची रांग लावली की मेसेज पुन्हा फॉरवर्डसारखा दिसू लागतो.

एकाच एसएमएसमध्ये बसवायचंच असेल, जोडीदार जिथे आहे तिथे नेट नसेल किंवा साधा फोन असेल, तर:

> अकरा वर्षं. उन्हाळ्यातही झोपेतून विचारतेस, पाऊस होता का? विचारत राहा.

ही ६९ चिन्हं झाली. तरी ८० चिन्हांचाच चांगला आहे. ‘भर मे महिन्यातही’ म्हटल्यावर घाम आठवतो, ‘उन्हाळ्यातही’ने नुसता ऋतू कळतो. गरज नसेल तर ११ चिन्हांसाठी तो घाम घालवू नका.

## ७. दुसरी दोन उदाहरणं, वेगळ्या परिस्थितीतली

अंतर असेल तेव्हा. नवरा दुबईला, बायको रत्नागिरीला, लग्न एप्रिलमधलं. दूर असलेल्यांच्या मेसेजमध्ये ‘तुमची खूप आठवण येते’ हमखास येतं. आठवण येते म्हणजे घरात नेमकं काय घडतं, ते लिहा:

> अहो, पहिला हापूस तुमच्या ताटात ठेवला, मग मीच खाल्ला. नऊ वर्षं झाली. आता या.

हा ७५ चिन्हांचा आहे. ‘आता या’ ठेवायचं की नाही हे रजेवर अवलंबून. रजा मिळण्यासारखी असेल तर ते लाडाचं आहे, मिळणारच नसेल तर त्याच्या जिवाला घोर लावणारं. तेव्हा ते दोन शब्द काढा. उरलेला ६७ चिन्हांचा मेसेज एका एसएमएसमध्ये बसतोही. इथे आकडा शेवटाकडे आला आहे, तेही लक्षात घ्या. आकड्याने सुरुवात करायलाच हवी असं नाही.

वर्ष वाईट गेलं असेल तेव्हा. घरात कुणी गेलं असेल, नोकरी सुटली असेल, आजारपण झालं असेल, तर हसरी गोष्ट शोधून काढू नका. वर्षाचा हिशोबही मांडू नका. अशा वेळी मेसेजने काही सांगण्यापेक्षा काही ठरवावं:

> आज कुठे जायला नको, कुणाला बोलवायला नको. संध्याकाळी नदीवर जाऊ. चहा मी करून आणतो.

याच्यात वर्षांचा आकडा नाही, आणि नसलेलाच बरा. फक्त ठरवलेलं करावं लागतं. थर्मासमध्ये चहा नसेल तर यापेक्षा छापील शुभेच्छा परवडली.

दोघांचं नुकतंच मोठं भांडण झालं असेल तर माफी या मेसेजमध्ये मिसळू नका. माफी आदल्या दिवशी, वेगळी मागावी. एकत्र केलं की वाढदिवस ही माफीची सबब वाटते.

## ८. पाठवण्याआधीची तपासणी

मेसेज लिहिला की रात्रभर तसाच ठेवा. सकाळी तो एकदा जोडीदाराच्या आवाजात वाचा, म्हणजे तो किंवा ती हे मोठ्याने वाचत असेल तर कसं ऐकू येईल तसं. मग या गोष्टी पाहा.

लिंग जुळतंय का? कुठून तरी वाक्य उचललं असेल तर बायकोला ‘आलास’ आणि नवऱ्याला ‘उभी राहिलीस’ जातं. यासारखी उघडी चोरी दुसरी नाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ एकाच मेसेजमध्ये तर आलेले नाहीत ना? ‘वर्ष झाली’वर अनुस्वार आहे का? कीबोर्डने ‘ळ’चा ‘ल’ केला आहे का? आणि आकडा पुन्हा एकदा मोजा.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, पण दुरुस्त केल्याची खूण त्यावर राहते. या एका मेसेजवर ती नसावी.

## ९. पाठवणं

पहिली अट: फॅमिली ग्रुप आणि स्टेटस यांच्या आधी हा मेसेज जायला हवा. मावशीच्या गुच्छानंतर, ग्रुपवर सगळ्यांना धन्यवाद देऊन झाल्यावर आलेला खासगी मेसेज उरलासुरला वाटतो. हाच मजकूर स्टेटसला ठेवायचा मोहही टाळा. दोघांपुरतं लिहिलेलं वाक्य चारशे जणांनी पाहिलं की ते दोघांपुरतं राहत नाही.

वेळ ठरवताना रात्री बाराचा हट्ट नको. बाराला दोघं एकाच खोलीत असतील तर बोलता येतं, आणि एक जण झोपलेला असेल तर मेसेज सकाळी बाकीच्या तीस मेसेजच्या खाली सापडतो. दूर असलेल्यांनी बारा कुणाचे, हेही बघावं. भारतात बारा वाजतात तेव्हा दुबईत साडेदहाच झालेले असतात, तिथे अजून कालचीच तारीख असते. जोडीदार एकटा फोन पाहतो ती वेळ धरा: लोकलमध्ये जागा मिळाल्यावर, डबा खाऊन झाल्यावर, मुलांना शाळेत सोडून परत येताना. आपल्या उदाहरणातली बायको पतसंस्थेत दीड वाजता जेवायला बसते. नवऱ्याने एक पस्तीसला पाठवावा. त्या दिवशी तो दुसऱ्या पाळीला असेल तर कामावर निघायच्या आधी एवढा वेळ मिळतो.

मसुदा नोट्समध्ये असेल तर कॉपी करून पेस्ट करा आणि पेस्ट झाल्यावर पुढे-मागे दुसरं काही चिकटलं नाही ना ते बघा. वरची सात ओळींची यादी चुकून गेली, तर तिला रिक्षावाल्याबद्दलही उत्तर द्यावं लागेल.

पाठवल्यावर फोन खाली ठेवा. निळ्या खुणा दिसून उत्तर आलं नाही तरी ‘वाचलंस का?’ पाठवू नका, त्या दोन शब्दांनी आधीचे तेरा शब्द पुसले जातात. उत्तर म्हणून नुसता अंगठा आला तरी तो उत्तरच समजा. पतसंस्थेत शेजारच्या टेबलावर कुणीतरी बसलेलं असतं.